वाईट बातमी ऐकताना फुटणारे हसू

मी दहावीत असतानाची गोष्ट आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास घरातला फोन वाजला आणि मावशीने तो उचलला. पलीकडून कोणीतरी सांगत होते की तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, महामार्गावरच्या अपघातात गेला. मावशीने ते ऐकले, "हॅ, काहीतरीच काय!" असे म्हणाली आणि हसली. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा हसली तेव्हा ती आमच्याकडे वळली होती. तोंडाचे कोपरे वर गेलेले, नजर मात्र समोरच्या कॅलेंडरवर खिळलेली, डावा हात गळ्याच्या खळगीवर आणि उजव्या हाताच्या बोटाला फोनची गुंडाळलेली वायर. त्यानंतर तिने अगदी सरळ आवाजात विचारले, "कुठल्या दवाखान्यात नेलंय?" रडू यायला त्यानंतर बराच वेळ गेला.

त्या वेळी घरात एक नातेवाईक बाई बसलेल्या होत्या. दहाव्याच्या दिवशी त्या कोणाला तरी सांगत होत्या, "सख्खा भाऊ गेला आणि ही दात काढत होती." हे वाक्य मावशीच्या कानावर गेले आणि पुढे कित्येक वर्षे ते तिने मनात वागवले. ते वाक्य चुकीचे का होते, एवढेच मला या लेखात नीट उलगडून सांगायचे आहे. दुःखाच्या किंवा ताणाच्या क्षणी फुटणारे हसू नेमके कुठून येते, कोणासाठी येते आणि त्याचा अर्थ लावताना आपण कुठे चुकतो, हे कळले तर अशा वाक्यांनी होणारी इजा टळू शकते.

मराठीत या हसण्याला फार पूर्वीपासून वेगळे नाव आहे. आपण त्याला "कसनुसे हसणे" म्हणतो. ओशाळवाणे हसू, केविलवाणे हसू, रडवेले हसू हेही याच कुळातले शब्द आहेत. हसणे म्हणजे आनंदच असे बोलीने कधीच मानलेले नाही. प्रत्यक्ष प्रसंगात मात्र, विशेषतः मृत्यू किंवा गंभीर आजार समोर असताना, आपण हा भेद विसरतो आणि चेहऱ्यावर दिसले तेच मनात आहे असे धरून चालतो.

या हसण्याची सर्वांत तपशीलवार नोंद हसण्याचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाने केलेली नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने 1961 मध्ये आज्ञापालनाविषयीचे प्रयोग सुरू केले आणि त्यांवरचा पहिला शोधनिबंध 1963 मध्ये प्रसिद्ध केला. न्यू हेवन आणि आसपासच्या भागातल्या 20 ते 50 वर्षे वयाच्या 40 पुरुषांना स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी म्हणून बोलावण्यात आले आणि प्रत्येकाला साडेचार डॉलर देण्यात आले. त्यांना शिक्षकाची भूमिका मिळे. शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधलेला एक मध्यमवयीन गृहस्थ विद्यार्थी असे. त्याचे उत्तर चुकले की शिक्षकाने विजेचा झटका द्यायचा आणि प्रत्येक चुकीला झटका एका पायरीने वाढवायचा, असे ठरलेले होते. यंत्रावर 15 व्होल्टपासून 450 व्होल्टपर्यंत 30 बटणे होती. प्रत्यक्षात त्या गृहस्थाला एकही झटका बसत नव्हता, कारण तो प्रयोगकर्त्यांचाच माणूस होता. शिक्षकाला मात्र हे ठाऊक नव्हते आणि त्याची खात्री पटावी म्हणून सुरुवातीला त्याला स्वतःला 45 व्होल्टचा एक खरा झटका दिला जाई.

300 व्होल्टला पलीकडचा माणूस भिंतीवर धडका देई आणि त्यानंतर थोड्याच वेळात उत्तरे देणेच थांबवी. शिक्षक मागे वळून पाही, तर करडा कोट घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे पुढे चालू ठेवायला सांगे. एकीकडे दुसऱ्या माणसाला आपल्या हातून होणारी इजा, दुसरीकडे अधिकाऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचा हुकूम, आणि खोलीतून उठून जायची हिंमत नाही, अशी ती कोंडी होती. 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, आणि हा प्रयोग जगभर प्रसिद्ध झाला तो या आकड्यामुळे. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. 40 पैकी 14 जण या प्रसंगात हसले. घाम येणे, थरथरणे, बोलताना अडखळणे, ओठ चावणे, कण्हणे आणि स्वतःच्याच हातात नखे रुतवणे या लक्षणांच्या ओळीतच मिलग्रॅमने या हसण्याची आणि स्मिताची नोंद केली आहे. तिघांना तर हसण्याचे असे अनावर झटके आले की अंगच हलू लागले, आणि विश्वकोश विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या 46 वर्षांच्या एका गृहस्थाचा झटका इतका तीव्र होता की प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

खोलीत गमतीचे काहीही घडत नव्हते. प्रयोगानंतरच्या बोलण्यात या माणसांनी आवर्जून सांगितले की आपण क्रूर नाही आणि त्या माणसाला त्रास देताना आपल्याला मजा वाटत नव्हती. आपले हसू आपल्यालाच दोषी ठरवते आहे असे त्यांना वाटत होते, म्हणूनच त्यांना हा खुलासा करावासा वाटला. या प्रयोगावर पुढे नैतिकतेच्या आणि पद्धतीच्या अंगाने पुष्कळ टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी योग्य आहे. तरी हसण्याबद्दलची ही नोंद मला मोलाची वाटते, कारण हसणाऱ्याला गंमत वाटत होती ही शंकाच तिथे उरत नाही. हसू आले ते कोंडी सर्वांत घट्ट झाली तेव्हा.

हे कसे घडते हे समजण्यासाठी हसण्याकडे क्षणभर भावना म्हणून न पाहता श्वासाची एक हालचाल म्हणून पाहावे लागते. हसणे म्हणजे तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडणारा उच्छ्वास. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने हसण्याच्या ध्वनिमुद्रणांची मोजणी केली, तेव्हा "हा"चा प्रत्येक तुकडा सेकंदाच्या सुमारे तेराव्या भागाइतका भरला आणि एका तुकड्याच्या सुरुवातीपासून पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर सेकंदाच्या साधारण पाचव्या भागाइतके निघाले. छाती, पोट, स्वरयंत्र आणि चेहरा यांना एका लयीत हलवणारी ही यंत्रणा मेंदूच्या अगदी खालच्या भागात, मस्तिष्कस्तंभात असते. हुंदके देऊन रडणे हीसुद्धा अशीच श्वासाची आणि आवाजाची लयबद्ध हालचाल असून तिचीही सूत्रे याच परिसरातून हलतात. हसता हसता रडू येते आणि रडता रडता हसू फुटते ते त्यामुळेच.

या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट मेंदूच्या वरच्या, हालचालींचे नियोजन करणाऱ्या भागातून येते. पाहुण्यांच्या विनोदाला आपण मान राखण्यासाठी हसतो ते या वाटेने. दुसरी वाट भावनांशी निगडित असलेल्या खोल भागांतून येते आणि तिच्यावर आपला थेट ताबा नसतो. एरवी मेंदूचा पुढचा भाग या दुसऱ्या वाटेवर लगाम धरून असतो. हसू योग्य आहे की नाही, समोर कोण आहे, प्रसंग कोणता आहे, हे पाहून तो लगाम सैल सोडतो किंवा आवळतो. अचानक धक्का बसतो तेव्हा शरीर धोक्याच्या तयारीत जाते, छातीत धस्स होते, हृदय जोरात चालू लागते आणि श्वास अडकतो. अशा वेळी ऐकलेले समजून घेणे, त्यावर विश्वास ठेवणे, काय करायचे ते ठरवणे आणि चेहरा सांभाळणे ही सगळी कामे एकाच क्षणी अंगावर येतात. चेहरा सांभाळायला त्यात फारशी शक्ती उरत नाही आणि आत साठलेली उत्तेजना जी वाट मोकळी मिळेल तिने बाहेर पडते. कधी ते रडणे असते, कधी किंकाळी, कधी नुसते गप्प होणे, आणि कधी हसू.

मग हसूच का, हा प्रश्न उरतो. याचे एकच एक उत्तर नाही. खरी वाईट बातमी प्रयोगशाळेत कोणाला देता येत नाही, त्यामुळे हा विषय तपासायलाही अवघड आहे. तरी जी उत्तरे पुढे आली आहेत, त्यांतले एक मला सर्वांत पटते. ते असे की, हसू हे मुळातच दुसऱ्यासाठी असते.

प्रोव्हाइन यांनी बाजारपेठेत, विद्यापीठाच्या आवारात, चारचौघांत लोक कधी हसतात याच्या सुमारे 1,200 नोंदी केल्या. त्यात आढळले की हसण्याच्या आधी उच्चारलेल्या वाक्यांपैकी फार तर 10 ते 20 टक्के वाक्यांत विनोदासारखे काही होते. बाकीची वाक्ये "चला, निघतो आता" अशा धाटणीची होती. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे 30 पट तो सोबत कोणी असताना हसतो, असेही त्यांना दिसले. म्हणजे रोजच्या हसण्याचे मुख्य काम "आपल्यात सगळे ठीक आहे" असे समोरच्याला कळवण्याचे आहे. आता हाच धागा माकडांपर्यंत नेऊन पाहा. लाल तोंडाच्या माकडांच्या टोळीत दुबळे माकड बलवान माकडासमोर आले की ओठ मागे खेचून आवाज न करता दात दाखवते. तो राग नसतो. "मी तुझ्या वाटेला जाणार नाही, मला काही करू नकोस" असे ते सांगत असते. माणसाच्या स्मिताचे मूळ या दात दाखवण्यात असावे, असे मानणारी मांडणी प्राणिवर्तनाच्या अभ्यासात बरीच मान्यता पावलेली आहे. शाळेत रागावलेल्या बाईंसमोर उभे असलेले मूल ओठ ताणून हसते आणि "वर तोंड करून हसतोस?" म्हणून आणखी एक फटका खाते, तेव्हा ते उद्धटपणा करत नसते. ते शरण आलेले असते, आणि नेमका तोच संकेत उलटा वाचला जातो.

वाईट बातमीच्या वेळी यात आणखी एक पदर मिसळतो. बातमी कानावर पडणे आणि ती खरी मानणे यांत थोडा वेळ जातो. त्या मधल्या क्षणात मन ती बातमी खोटी असण्याची शक्यता धरून ठेवते. मावशीचे "हॅ, काहीतरीच काय!" हे शब्द त्या क्षणाचे होते. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक विलयनूर रामचंद्रन यांनी अशी कल्पना मांडली आहे की, हसू हे मुळात "घाबरू नका, धोका खोटा निघाला" असे आपल्या माणसांना कळवणारे चिन्ह असावे. ही कल्पना सिद्ध झालेली नाही, परंतु तिच्या प्रकाशात मावशीचे ते हसू वाचले तर ते विनंतीसारखे ऐकू येते. फोनवरच्या माणसाने "चेष्टा केली" असे म्हणावे, यासाठी ती त्याला वाट करून देत होती.

तिसरी बाजू भावना आवरण्याची आहे. येल विद्यापीठातल्याच ओरियाना अरागॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलट टोकाच्या भावप्रदर्शनाचा विचार केला आहे. अति गोंडस बाळ पाहून दात-ओठ खात त्याचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो, किंवा आनंदाच्या क्षणी डोळ्यांत पाणी येते, अशी त्यांची उदाहरणे होती. भावना आवाक्याबाहेर जाऊ लागली की तिच्या विरुद्ध भावनेचे प्रदर्शन तिला खाली आणायला मदत करत असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. भीतीत येणारे हसू त्याच जातीचे असणे शक्य आहे. पण त्यांचा अभ्यास प्रामुख्याने सुखद भावनांचा होता, म्हणून तो दुःखाला जसाच्या तसा लावताना मी हात राखून बोलेन.

हसून गेल्यावर जे घडते ते मला हसण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या इत्झाक फ्रीड या मेंदुशल्यविशारदाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका 16 वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. अपस्माराच्या उपचारासाठी तिच्या मेंदूची तपासणी चालू असताना डाव्या बाजूच्या एका छोट्याशा भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला की ती हसे. प्रवाह कमी असला तर नुसते स्मित येई, वाढवला की मोठे हसू येई. का हसलीस असे विचारले की ती दर वेळी कारण देई, आणि ते कारण त्या क्षणी समोर जे असेल त्यातले असे. घोड्याचे चित्र समोर असेल तर तो घोडाच मजेदार होता, डॉक्टर उभे असतील तर "तुम्ही सगळे असे उभे आहात तेच मजेदार आहे". ती खोटे बोलत नव्हती. हसू आधी आले होते आणि मेंदूने कारण नंतर जुळवले होते.

आता हीच जुळवाजुळव एखाद्या मयताच्या घरी झाली तर काय होईल, याचा विचार करा. हसू येऊन गेलेले असते, समोर फक्त दुःख असते, आणि हसण्याचे कारण शोधणारे मन म्हणू लागते, "म्हणजे मला वाईट वाटलेच नाही का? माझे त्याच्यावर प्रेमच नव्हते का?" पाहणारेही तोच निष्कर्ष काढून मोकळे होतात. वास्तविक हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, कारण हसू प्रेमाचे माप दाखवत नाही. ते ताणाचे आणि त्या क्षणी सैल पडलेल्या लगामाचे चिन्ह असते.

कसनुसे हसू आणि मनापासूनचे हसू यांतला फरक बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो. मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू आकसतो, गाल वर येतात आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. कसनुशा हसण्यात बहुधा फक्त ओठ ताणले जातात, डोळे मोठे किंवा स्थिर राहतात, हात गळ्याकडे, कानाकडे किंवा पदराकडे जातात, आणि हसू सुरू होते तसे एकदम तुटते. मिलग्रॅमच्या खोलीत आत्मविश्वासाने हसत शिरलेला एक व्यावसायिक वीस मिनिटांत अडखळत बोलू लागला होता आणि सारखी कानाची पाळी ओढत होता, असे त्यांच्या निबंधात वर्णन आहे. अशा वेळी ओठांपेक्षा हात जास्त खरे बोलतात. अर्थात ही खूण पक्की नाही. कोंडीत आलेले मोठे, अनावर हसू डोळ्यांपर्यंतही जाते, म्हणून एकट्या चेहऱ्यावरून निवाडा करू नये.

काही वेळा मात्र असे हसू आजाराचे लक्षण असते आणि ते ओळखता आले पाहिजे. पक्षाघात, डोक्याला झालेली गंभीर इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा मोटर न्यूरॉनचा आजार यांत मेंदूच्या वरच्या भागातून खाली येणारा तो लगामच दुखावतो. मग क्षुल्लक कारणाने किंवा कारणाशिवाय हसू किंवा रडू सुरू होते, ते थांबवता येत नाही, हसण्याचे रूपांतर रडण्यात होते, आणि माणूस सांगतो की आतून मला तसे काहीच वाटत नाही. असे वारंवार घडत असेल तर त्याला स्वभाव बदलला किंवा भ्रमिष्ट झाला असे न म्हणता मेंदुविकारतज्ज्ञाकडे न्यावे, कारण यावर औषधे आहेत आणि ती बऱ्याच रुग्णांना लागू पडतात. लहान मुलाला मधूनच, कशाशीही संबंध नसलेले, दर वेळी एकसारखे आणि थोडा वेळ टिकणारे हसू येत असेल आणि त्या वेळी ते हाकेला ओ देत नसेल, तर तो क्वचित आढळणारा अपस्माराचा प्रकार असू शकतो. त्याचीही तपासणी करून घ्यायला हवी. वाईट बातमीच्या वेळी एखाद-दुसऱ्यांदा आलेले हसू यांपैकी कशातच मोडत नाही.

ते हसू त्या क्षणी आवरायचे असेल तर ते दाबण्यापेक्षा श्वासाकडे जाणे सोपे पडते. हसण्याला तुकड्यातुकड्यांचा उच्छ्वास लागतो, म्हणून तोंड मिटून नाकाने एक लांब, सलग श्वास सोडला की त्या लयीत खंड पडतो. ओठ घट्ट दाबून "आता हसायचे नाही" असे स्वतःला बजावत राहिले की हसण्याचीच भीती वाटू लागते, ताण वाढतो आणि हसू अधिकच उसळते. श्रद्धांजलीच्या शांततेत मागच्या रांगेत ज्याला हा अनुभव आला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. हसू फुटलेच, तर "मला सुचत नाहीये, घाबरून हसू येतंय" एवढे एक वाक्य पुरते. आणि बातमी सांगणारे आपण असू, तर ऐकणाऱ्याच्या हसण्यावर काही न बोलता तीच बातमी त्याच सरळ शब्दांत पुन्हा एकदा सांगावी. "मेला" किंवा "गेला" हा शब्द टाळून गोल गोल बोलले की ऐकणाऱ्याचे मन ती खोटी असण्याची शक्यता आणखी थोडा वेळ धरून ठेवते.

मध्यंतरी मावशीला मी मिलग्रॅमच्या त्या 14 माणसांबद्दल सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी हसले, हे मला लोकांनीच सांगितलं रे. मला ते आठवतच नाही. बोटाला वायर करकचून गुंडाळली होती आणि बोट पांढरं पडलं होतं, एवढंच आठवतं." मग त्या बाईंचे दहाव्याचे वाक्य तिने शब्दन् शब्द म्हणून दाखवले.